पंचवीस कुठून आले?

पत्र: माझी भाची गणिताला फार घाबरते. वही उघडली की तिचा चेहराच उतरतो. परवा तिने पुस्तकातलं हे सोडवलेलं उदाहरण माझ्यापुढे ठेवलं:

x² + 10x − 39 = 0
∴ x² + 10x + 25 = 39 + 25
∴ (x + 5)² = 64
∴ x + 5 = ±8
∴ x = 3 किंवा x = −13

"मावशी, हे पंचवीस कुठून आले?" एवढंच तिने विचारलं. मी तेच उदाहरण दोन पानं भरून सविस्तर लिहून दिलं. एकही बेरीज सोडली नाही, मधूनमधून "घाबरू नकोस, सोपं आहे" असंही लिहिलं. तिने पान वरून खालपर्यंत पाहिलं आणि वही मिटली. माझं नेमकं काय चुकलं? धीराने शिकवणाऱ्या शिक्षकासारखं लिहायचं तरी कसं?

उत्तर: पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे, आणि खरं तर त्यात पायऱ्याही गाळलेल्या नाहीत. फार तर दुसऱ्या ओळीत दोन कामं एका दमात उरकली आहेत: 39 उजवीकडे गेले आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंत 25 मिळवले. ही दोन कामं वेगळ्या ओळींत लिहिली तरी भाचीचं समाधान होणार नाही. तिला पंचवीस मिळवता येतात. पंचवीसच का, वीस किंवा चाळीस का नाहीत, आणि मुळात काहीतरी मिळवावं हे कोणाला सुचलं कसं, हे तिला कळत नाही. उत्तर लिहिणाऱ्याला तिसरी ओळ आधीपासून माहीत असते, म्हणून तो दुसरी ओळ बेधडक लिहितो. वाचणाऱ्याच्या हाती दुसरी ओळ येते तेव्हा तिसरीचा पत्ताच नसतो.

तुमची दोन पानं मी पाहिलेली नाहीत, पण "एकही बेरीज सोडली नाही" यावरून अंदाज येतो. 39 + 25 = 64, चौसष्टचं वर्गमूळ आठ, आठातून पाच गेले तीन हे सगळं तुम्ही मोकळं करून लिहिलं असणार. ते तिला येतच होतं. जिथे ती अडली होती ती एकच जागा आता दोन पानांत कुठेतरी हरवून गेली. लांबी वाढली, खुलासा झाला नाही. मोठ्यांच्या लेखनात हे फार वेळा दिसतं. आपल्याला जे समजावता येतं ते आपण समजावत बसतो, आणि जे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्याचं कारणच आठवत नाही, ते "आता 25 मिळवू" म्हणून पुढे रेटतो.

"सोपं आहे" हे शब्द तर काढूनच टाका. न कळलेल्या ओळीशेजारी "सोपं" लिहिलेलं असलं की घाबरलेलं मूल त्याचा एकच अर्थ लावतं: सोपंही मला येत नाही. "उघडच आहे", "सहज दिसतं", "फक्त एवढंच करायचं" यांचंही तेच. धीर द्यायचा तर वाक्यांच्या बांधणीतून द्या.

बांधणीचं म्हणतो त्याला कारण आहे. गणिताची भीती म्हणजे नुसता मूड नव्हे. हिशेब करताना आपण काही गोष्टी क्षणभर डोक्यात धरून ठेवतो, आणि भीती नेमकी तीच जागा व्यापते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. गणिताची भीती जास्त असलेली माणसं हातचा धरायची बेरीज करताना, त्याच वेळी दुसरं काही लक्षात ठेवायला दिलं, की खूपच जास्त चुकत. तेव्हा भाचीसाठी लिहिताना एका वाक्यात एकच काम ठेवा. "वर दाखवल्याप्रमाणे" असं म्हणून तिला चार ओळी मागे पाठवू नका. ती संख्या पुन्हा लिहा, शाई काही संपत नाही.

लिहायला बसण्याआधी मात्र एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती कच्ची असेल तर पुढचं कितीही चांगलं लिहिलेलं वाया जाईल. तिला कागदावर (x + 5)² चा विस्तार करायला सांगा. बरीच मुलं x² + 25 लिहितात. तिनेही तेच लिहिलं, तर पुस्तकातली तिसरी ओळ तिच्या लेखी साफ खोटी आहे. x² + 10x + 25 चं (x + 5)² झालं कसं, मधले 10x कुठे गेले, हा प्रश्न तिला पडायलाच हवा. तसं असेल तर नियम सांगू नका, x च्या जागी 2 घालायला सांगा. (2 + 5)² म्हणजे 49. 2² + 5² म्हणजे 4 + 25, म्हणजे 29. वीसचा फरक पडला. वीस कुठे राहिले ते शोधायला सात बाय सात चौकटींचा एक चौरस काढा, आणि दोन्ही बाजू 2 आणि 5 अशा तोडणाऱ्या दोन रेघा मारा. एका कोपऱ्यात 4 चौकटी, समोरच्या कोपऱ्यात 25, आणि उरलेले दोन आयत 2 × 5 चे, म्हणजे दहा दहा चौकटींचे. हरवलेले वीस तिने स्वतः मोजले की पुढचं चित्र तिला ओळखीचं वाटेल.

ते पुढचं चित्र जुनं आहे. तुमच्या भाचीच्या पुस्तकातलं हे समीकरण नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञाने सोडवून दाखवलेलं आहे, "एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून एकोणचाळीस" अशा शब्दांत, कारण x तेव्हा नव्हता. पंचवीस मिळवायचे का, हे त्याने चौरस काढून समजावलं. माझ्या मते या प्रश्नाला त्याहून चांगलं उत्तर आजही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पुढचं असं लिहून दिलं असतं. रिकाम्या रेघा मुद्दाम सोडल्या आहेत. प्रत्येक रेघेखाली पान दुमडा, म्हणजे खालचं उत्तर आधी दिसणार नाही.

---

आपल्याला एक संख्या शोधायची आहे. तिला x म्हणू. समीकरण सांगतं की x चा वर्ग आणि x ची दहापट यांच्या बेरजेतून 39 काढले की शून्य उरतं. म्हणजे वर्ग आणि दहापट मिळून 39 होतात. आधी तेवढंच लिहू.

x² + 10x = 39

आता अडचण काय आहे ते बघ. नुसतं 10x = 39 असतं तर तू दहाने भागलं असतंस. नुसतं x² = 39 असतं तर वर्गमूळ घेतलं असतंस. पण इथे x दोन ठिकाणी आहे, एकदा वर्गात आणि एकदा साधा. त्यामुळे या दोन्हींपैकी काहीच करता येत नाही. x एकाच ठिकाणी आणता आला तर काम होईल. पुढची सगळी खटपट तेवढ्यासाठी आहे.

कागदाचे दोन तुकडे घे. एक चौरस, त्याची बाजू x. त्याचं क्षेत्रफळ x². दुसरी पट्टी, लांबी x आणि रुंदी 10. तिचं क्षेत्रफळ 10x. समीकरण म्हणतं की या दोन तुकड्यांचं मिळून क्षेत्रफळ 39 आहे.

या दोन तुकड्यांचा मिळून एकच मोठा चौरस करता आला तर बरं. कारण चौरसाचं क्षेत्रफळ कळलं की बाजू काढता येते. सगळी पट्टी चौरसाच्या एकाच बाजूला लावून बघ. काय आकार झाला?

________

आयत झाला. एक बाजू x च राहिली, दुसरी मात्र 10 ने वाढली. दोन्ही बाजू सारख्याच वाढायला हव्यात. म्हणून पट्टी उभी मधोमध कापू. आता x लांबीच्या आणि 5 रुंदीच्या दोन पट्ट्या झाल्या. एक चौरसाच्या उजवीकडे लाव, दुसरी आडवी करून खाली लाव.

जवळजवळ चौरस झाला. खाली उजवीकडे एक कोपरा रिकामा राहिला आहे. त्या कोपऱ्याची लांबी किती आणि रुंदी किती?

________

लांबी 5 आणि रुंदीही 5, कारण दोन्ही पट्ट्या 5 रुंदीच्या आहेत. कोपऱ्याचं क्षेत्रफळ 5 × 5 = 25. पंचवीस इथून आले. दहाचे निम्मे पाच, आणि पाचाचा वर्ग पंचवीस.

हा कोपरा आपण आपल्या पदरचा कागद लावून भरू. आधी सगळे तुकडे मिळून 39 होते. आता त्यात 25 ची भर पडली. म्हणून डावीकडे 25 लिहिले तसे उजवीकडेही लिहायचे.

x² + 10x + 25 = 39 + 25

डावी बाजू म्हणजे पूर्ण झालेला मोठा चौरस. त्याची बाजू x आणि 5 मिळून, म्हणजे x + 5. उजवी बाजू 64.

(x + 5)² = 64

x आता एकाच ठिकाणी आला. हेच हवं होतं.

x + 5 या संख्येचा वर्ग 64 आहे. कोणत्या संख्येचा वर्ग 64 होतो? 8 चा होतो. आणखी एक संख्या आहे. कोणती?

________

−8. कारण (−8) × (−8) सुद्धा 64 च. म्हणून दोन शक्यता आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या लिहू.

x + 5 = 8 असेल, तर x = 3.
x + 5 = −8 असेल, तर x = −13.

तुला वाटेल, कागदाच्या चौरसाची बाजू −8 कशी असेल? नसतेच. चित्राने आपल्याला 25 मिळवायला सांगितले, तिथे चित्राचं काम संपलं. (x + 5)² म्हणजे x² + 10x + 25, हे x कितीही असला तरी खरं असतं, ऋण असला तरी. म्हणून चित्र बाजूला ठेवूनही समीकरणाच्या ओळी पुढे चालू ठेवता येतात.

आता दोन्ही उत्तरं पहिल्या ओळीत घालून बघू.
3 घातले: 9 + 30 = 39. बरोबर.
−13 घातले: 169 − 130 = 39. हेही बरोबर.

---

पुस्तकातल्या पाचही ओळींचं काम त्याच क्रमाने यात आहे. भर घातली आहे ती मुख्यतः दोन जागी. एक, काही करायच्या आधी हेतू सांगितला: x एकाच ठिकाणी आणायचा. हे वाक्य पुस्तकात कुठेही नाही, आणि माझ्या लेखी संपूर्ण उदाहरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. दोन, चुकीची वाटही थोडी चालून दाखवली. सगळी पट्टी एका बाजूला लावली की आयत होतो, हे तिने स्वतः पाहिल्याशिवाय "निम्मे करा" हा हुकूमच वाटतो. उलट 39 + 25 ची बेरीज मी एका ओळीत संपवली, कारण तिथे ती अडत नाही.

ऋण उत्तराचा परिच्छेद लांबला असं वाटेल, पण तो काढू नका. चित्र मनापासून पटलेली मुलगीच हा प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळालं नाही तर तिचा चित्रावरचा विश्वासही उडतो. अल्-ख्वारिज्मीनेसुद्धा फक्त 3 हेच उत्तर दिलं होतं. −13 त्याने विचारात घेतलं नव्हतं. हे भाचीला जरूर सांगा, तिची शंका चांगल्या माणसांच्या पंगतीत बसते.

कागद कापताना एक लक्षात ठेवा. x ची लांबी कितीही घ्या, सात सेंटिमीटर घ्या, पण तीन घेऊ नका, नाहीतर उत्तर आधीच फुटेल. मग ती म्हणेल, "पण याचं क्षेत्रफळ 39 येत नाही." येणारच नाही. x किती ते अजून आपल्याला ठाऊक नाही म्हणून कसाही कापला, एवढं मोकळेपणाने सांगा. आपल्याला तुकड्यांची मांडणी पाहायची आहे.

लिहिलेलं तिला पोचलं का, हे "कळलं का?" विचारून कळत नाही. घाबरलेलं मूल "हो" म्हणतं, कारण त्याला तो प्रसंग लवकर संपवायचा असतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर हे जुळं उदाहरण द्या:

x² + 14x = 32

ते मी थोडं निवडून दिलं आहे. इथे निम्मे 7, मिळवायचे 49, उजवीकडे 81, आणि उत्तरं 2 व −16. यातली एकही संख्या आधीच्या उदाहरणातल्या संख्येशी जुळत नाही. त्याऐवजी x² + 6x = 16 दिलं असतं, तर 9 मिळवल्यावर उजवीकडे 25 आले असते. जुने पंचवीस नव्या जागी बघून ती गोंधळली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे, ओळखीचा आकडा दिसला म्हणून काही न कळताही निर्धास्त झाली असती.

आता तिने काय मिळवलं ते बघा, तिथेच निदान होतं. 25 मिळवले तर ती मागचं उत्तर पाठ करून आली आहे, कोपरा तिला दिसलेला नाही. 7 मिळवले तर पट्टी कापली, पण कोपऱ्याचं क्षेत्रफळ काढायचं राहिलं. 196 मिळवले तर पट्टी न कापताच वर्ग केला. या तिन्ही वेळी पूर्ण उत्तर पुन्हा समजावू नका. चित्र पुढे करा आणि "कोपरा दाखव" एवढंच म्हणा. 49 फक्त डावीकडे मिळवले, तर (x + 7)² = 32 येईल आणि 32 चं वर्गमूळ सरळ निघणार नाही, त्यामुळे ती आपोआप थांबेल. मघाच्या x² + 6x = 16 मध्ये हीच चूक केली तर (x + 3)² = 16 येऊन x = 1 असं छान गुळगुळीत, चुकीचं उत्तर निघतं. पडताळा घेतला की लगेच उघडं पडतं, 1 + 6 म्हणजे सात, सोळा नव्हेत. पण घाबरणारी मुलं पडताळा टाळतात, चूक सापडेल म्हणूनच टाळतात. म्हणून मी पडताळा उत्तराचाच भाग म्हणून लिहिला, शेवटी सूचना म्हणून नाही.

आणि x = 2 एवढंच लिहून ती थांबली, −16 आलंच नाही, तर ती चूक वेगळी आहे. तिने वर्गमूळ घेतलं तेव्हा ± चिन्ह सुटलं. पुस्तकात "±8" असं जोडून लिहिलेलं असतं, ते मुलांना सजावट वाटतं. म्हणूनच दोन शक्यता मी दोन ओळींत फोडून लिहिल्या. महिनाभर तरी तिलाही तशाच लिहू द्या.

जुळं उदाहरण जमलं की तिसरं पूर्ण लिहून देऊ नका, अर्धं लिहा, आणि रिकामं शेवटून सोडा. x² + 16x = 36 घ्या. (x + 8)² = 100 पर्यंत तुम्ही लिहा, पुढचं तिला करू द्या. त्याच्या पुढच्या उदाहरणात कोपऱ्यापर्यंतच लिहा. मग फक्त पहिली ओळ. शेवटाकडून सोडल्याने तिच्या वाट्याला आधी येणाऱ्या पायऱ्या तिला येणाऱ्या असतात, आणि उत्तर दर वेळी तिच्या हातून निघतं.

सोडवलेली उदाहरणं वाचून शिकणं हा आळशीपणा नाही, हेही सांगायला हवं, कारण घरात कोणीतरी नक्की म्हणेल की "तिला स्वतः डोकं चालवू दे." जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर प्रयोग करून दाखवलं होतं की सुरुवातीच्या टप्प्यात नुसती उदाहरणं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारी मुलं कमी वेळात तयार होतात, आणि तशाच नव्या उदाहरणांत कमी चुकतात. पण याला मर्यादा आहे. हात बसल्यावरही तुम्ही पट्टी आणि कोपऱ्याची गोष्ट लिहीत राहिलात, तर ती वाचण्यातच तिची शक्ती जाईल. ती चित्र न काढता "निम्मे, मग वर्ग" करू लागली की तुमचं लेखन पुन्हा पुस्तकातल्या पाच ओळींवर आणा. त्या पाच ओळी तिने स्वतः लिहाव्यात हेच तर आपल्याला हवं होतं.

हे चित्र कुठवर पुरतं, तेही बघून ठेवा. x² − 6x = 16 आलं की पट्टी जोडायची नसते, कापून काढायची असते. तेही चित्रात दाखवता येतं, पण दोन पट्ट्या काढताना कोपरा दोनदा कापला जातो आणि तो एकदा परत द्यावा लागतो. घाबरलेल्या मुलीला इथे चित्र दाखवू नये असं माझं मत आहे. तिला सरळ (x − 3)² चा विस्तार करायला सांगा आणि तो x² − 6x शी ताडून बघायला सांगा. तोवर चित्राने आपलं काम केलेलं असतं.

खरा घोटाळा होतो तो x चा सहगुणक विषम आला की. x² + 7x = 8 मध्ये सातचे निम्मे साडेतीन, कोपरा 49/4, उजवी बाजू 81/4. रीत तीच, पण अपूर्णांकांची भीती वेगळी असते आणि दोन भीती एका पानावर आणू नयेत. इथे श्रीधराचार्यांची युक्ती कामाला येते. ती बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्याच नावाने सांगितली आहे: आधी सगळ्याला x² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग x च्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवा. इथे x² चा सहगुणक 1, म्हणून चारने गुणायचं.

4x² + 28x = 32
4x² + 28x + 49 = 32 + 49
(2x + 7)² = 81

2x + 7 = 9 घेतलं तर x = 1, आणि 2x + 7 = −9 घेतलं तर x = −8. अपूर्णांक कुठेच आला नाही. मात्र हे पान लिहिताना "चारने गुणू" असं लिहून पुढे जाऊ नका. चार का, तेही तिथेच लिहा: चारने गुणल्यावर चौरसाची बाजू 2x झाली, 28x ची पट्टी 2x लांबीची धरली तर तिची रुंदी 14, आणि चौदाचे निम्मे बिनअपूर्णांकाचे सात.